फीची स्लाइड एकटीच फिरते

क्लासवाले सहा स्लाइडची पोस्ट टाकतात, पण पालकांच्या हातात अनेकदा त्यातली एकच पडते. एखादी आई इन्स्टाग्रामवर पोस्ट बघते, फी लिहिलेल्या स्लाइडचा स्क्रीनशॉट काढते आणि जावेला पाठवते. जाऊ तो 'दहावी पालक' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. तिथून तो आणखी चार घरांत जातो. आता त्या चित्रावर फक्त 'एकूण फी १२,००० रुपये' एवढंच लिहिलेलं असेल, तर चौथ्या घरातल्या वडिलांना क्लास कुणाचा, कुठल्या विषयाचा, कुठल्या माध्यमाचा आणि कुठल्या वर्षाचा यातलं काहीच कळत नाही. नव्या बॅचच्या कॅरोसेलचा मजकूर लिहायला बसताना मी हा प्रवास आधी डोळ्यांसमोर आणते. बाकीचे बरेचसे निर्णय त्यातूनच होतात.

कॅरोसेल म्हणजे एकाच पोस्टमध्ये बोटाने सरकवत बघायची चित्रमालिका. इन्स्टाग्रामने २०१७ मध्ये ही सोय दिली, तेव्हा दहा चित्रांची मर्यादा होती. २०२४ मध्ये ती वीस झाली. वीस टाकता येतात म्हणून टाकायची नसतात. क्लासच्या बॅचसाठी सहा पुरतात. ही सहा चित्रं डिझायनरकडे किंवा गावातल्या डीटीपीवाल्याकडे जाण्याआधी कागदावर जे लिहायचं, त्याला स्क्रिप्ट म्हणायचं: कुठल्या स्लाइडवर नेमके कुठले शब्द, कुठल्या क्रमाने, आणि तळाशी काय. ते नीट झालं नसेल तर सुंदर रंग आणि हसऱ्या मुलांचे फोटो काही वाचवू शकत नाहीत.

हे समजून घ्यायला एक नमुना क्लास धरू. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. दोन शिक्षक, एक खोली, चोवीस मुलं बसतील एवढे बाक. राज्य मंडळ, इयत्ता दहावी, सेमी इंग्रजी माध्यम, विषय गणित आणि विज्ञान. बॅच १५ जून २०२६ पासून १४ फेब्रुवारी २०२७ पर्यंत, म्हणजे आठ महिने. वर्षाची फी १२,००० रुपये. हे आकडे मी नमुन्यासाठी घेतले आहेत, पण असे क्लास मराठवाड्यात तालुक्या-तालुक्याला सापडतील.

बहुतेक क्लासवाल्यांच्या पोस्टचा क्रम ठरलेला असतो. आधी संस्थेचं ध्येय, मग सरांचा फोटो, मग गेल्या वर्षीचे गुणवंत, मग 'आमचीच निवड का?', आणि अगदी शेवटी 'फी व वेळेसाठी संपर्क साधा'. पालकांचे प्रश्न याच्या बरोबर उलट्या क्रमाने येतात. आमच्या मुलीच्या माध्यमाचा क्लास आहे का, शाळा सुटल्यावर तिला पोचता येईल का, परवडेल का, हे त्यांना आधी हवं असतं. शिकवणारे कोण आणि कसे, हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा; पण पहिल्या तिन्हींना 'हो' मिळाल्यावरच त्याची पाळी येते. म्हणून मी वेळ दुसऱ्या स्लाइडवर आणि फी तिसऱ्या स्लाइडवर घेते.

या क्रमाला आणखी एक रोखठोक कारण आहे. हीच चित्रं क्लासवाले व्हॉट्सॲपवरही पाठवतात. तिथे चार किंवा जास्त फोटो एकत्र पाठवले की त्यांचा अल्बम होतो: चार छोट्या चौकटी दिसतात आणि उरलेले फोटो चौथ्या चौकटीवरच्या अधिकच्या चिन्हामागे जातात. फी पाचव्या-सहाव्या स्लाइडवर असेल तर ती त्या चिन्हामागे दडते. इन्स्टाग्रामवरही एखादी पोस्ट न थांबता पुढे सरकवली, तर नंतर तीच पोस्ट कधी कधी दुसऱ्या स्लाइडपासून दाखवली जाते. म्हणजे दुसरी स्लाइडही पहिल्याइतकीच स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे.

त्यासाठी प्रत्येक स्लाइडच्या तळाशी एकच पट्टी ठेवायची. तिच्यात क्लासचं नाव, ठिकाण, 'दहावी सेमी, गणित-विज्ञान, २०२६-२७' आणि फोन नंबर. वर्ष हवंच. गेल्या वर्षीचं चित्र कुठल्या तरी ग्रुपवरून फिरत परत येतं आणि पालक जुन्या फीचा आग्रह धरून दारात उभे राहतात. तेव्हा दोन्ही बाजूंना मनस्ताप होतो. पट्टी डिझायनरला जड वाटते, तो ती काढायला बघतो. तिच्यावर अडून राहावं.

आता एकेक स्लाइड. पहिलीवर माझा मजकूर असा:

दहावी | सेमी इंग्रजी | राज्य मंडळ
गणित आणि विज्ञान
नवी बॅच: सोमवार, १५ जून २०२६
२४ जागा

एवढंच. 'यशाची गुरुकिल्ली' वगैरे ओळ इथे घातली की इयत्ता आणि माध्यम बारीक अक्षरांत जातं, आणि मग दिवसभर 'सेमी आहे का हो?' असे फोन घ्यावे लागतात. सेमीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतात, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलाला तो क्लास उपयोगाचा नाही. ज्यांच्यासाठी बॅच नाही त्यांनाही हे पहिल्याच चित्रात कळणं हा त्यांचा मान राखणं आहे.

दुसरी स्लाइड वेळेची. इथे 'सायंकाळची बॅच' लिहून भागत नाही. मी लिहीन:

शाळा सुटल्यावर, घरी जाऊन यायला वेळ
सोम-बुध-शुक्र: गणित
मंगळ-गुरु-शनि: विज्ञान
सायं. ६:१५ ते ७:४५
दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्याच वेळेत चाचणी
रविवार सुट्टी

यात सगळ्यांत जास्त वाचलं जातं ते ७:४५. क्लास सुरू कधी होतो यापेक्षा सुटतो कधी, याची काळजी घरात मोठी असते, मुलींच्या घरात तर जास्तच. खेड्यातून एसटीने येणाऱ्या मुलाला शेवटची गाडी गाठायची असते. म्हणून सुटायची वेळ लिहायची आणि लिहिली की पाळायची. 'गरजेनुसार जादा तास' असं मोघम न लिहिता, जानेवारीत सराव परीक्षांसाठी रविवारी सकाळी ९ ते ११ जादा तास होणार असतील तर तेही इथेच सांगावं. पालकांना रविवारचा तास चालतो. आदल्या रात्री आलेला निरोप चालत नाही. शाळा दुपारची की सकाळची, हे तुमच्या गावात वेगवेगळं असेल तर दोन वेळांच्या दोन ओळी लागतील. पण तिसरी वेळ आली की ती बॅच वेगळ्या पोस्टमध्ये टाकलेली बरी, कारण एका चित्रावर तीन वेळापत्रकं कुणी वाचत नाही.

तिसरी स्लाइड फीची. हीच एकटी फिरणार, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवावा.

एकूण फी: १२,००० रुपये (गणित + विज्ञान, ८ महिने)
प्रवेशावेळी ४,०००
१० ऑगस्ट: ४,०००
२० नोव्हेंबर: ४,०००
नोट्स व चाचणीचे पेपर यातच. पाठ्यपुस्तकं वेगळी.
जीएसटी नाही. प्रत्येक हप्त्याची पावती.
क्लास सोडल्यास उरलेल्या महिन्यांची फी परत.

पहिला आकडा एकूण फीचा. 'दरमहा फक्त १,५००' असं लिहिणं हिशेबात चुकत नाही, कारण १२,००० भागिले आठ तेवढेच होतात. पण पैसे दरमहा घ्यायचे नसतील, प्रवेशालाच चार हजार मागायचे असतील, तर त्या ओळीने पालकांची फसगत होते, आणि काउंटरवर आलेला माणूस पंधराशे हातात धरून ओशाळतो. तसा प्रसंग कुणावर आणू नये.

हप्त्यांच्या तारखा महिन्याच्या दहाच्या आसपास ठेवल्या की नोकरदारांचा पगार झालेला असतो. तिसरा हप्ता मी १० नोव्हेंबरऐवजी २० ला नेला, त्याची दोन कारणं. २०२६ मध्ये १० नोव्हेंबर ऐन दिवाळीत येतो. आणि या भागात सोयाबीनची काढणी होऊन माल बाजारात गेला की दिवाळीच्या सुमारास घरात पैसा येतो; शेतकरी पालकाला त्यानंतरची तारीख सोयीची पडते. ऊसपट्ट्यात किंवा कोकणात तारखा वेगळ्या लागतील. आपल्या गावात पैसा कधी हातात येतो हे क्लासवाल्याला माहीत असतंच, ते स्क्रिप्टमध्ये उतरलं पाहिजे.

जीएसटीची ओळ पुष्कळ जण गाळतात. खासगी कोचिंगवर १८ टक्के जीएसटी आहे, पण सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीची सक्ती नाही. आणि ज्याची नोंदणी नाही तो पालकांकडून हा कर घेऊ शकत नाही. आपल्या नमुन्यात चोवीस मुलांचे बारा हजारांप्रमाणे २,८८,००० रुपये होतात. दुसरं काही उत्पन्न जोडूनही हा क्लास मर्यादेच्या खूप खाली राहील. मोठ्या संस्थेला मात्र कर लागतो, आणि मग स्लाइडवर करासकट आकडा लिहायला हवा. १२,००० वाचून आलेल्या माणसाला १४,१६० सांगणं योग्य नाही.

फी परत करण्याची ओळ लिहायला क्लासवाले सगळ्यांत जास्त कचरतात. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरून विद्यार्थी मध्येच सोडून गेला, तर उरलेल्या काळाच्या प्रमाणात फी दहा दिवसांत परत करावी, आणि चालू अभ्यासक्रमात फी वाढवू नये, असं त्यांत म्हटलं आहे. आपल्या नमुन्यात एखाद्याने १२,००० एकदम भरले आणि दोन महिन्यांनी गाव सोडलं, तर सहा महिन्यांचे ९,००० परत द्यायचे. या सूचना ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत आणि त्यांची अंमलबजावणी राज्यांकडे आहे. चोवीस मुलांचा क्लास त्या व्याख्येत बसत नाही. तरीही ही एक ओळ लिहिलेल्या क्लासवर पालकांचा विश्वास लवकर बसतो, असं माझं ठाम मत आहे. एक गोष्ट मोठ्या केंद्रांनी विसरू नये: याच सूचनांत सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग सेंटरमध्ये घेऊ नये, प्रवेश माध्यमिक शाळेच्या परीक्षेनंतरच द्यावा, असंही आहे. पन्नासहून जास्त मुलं असलेल्या केंद्राने दहावीच्या बॅचची पोस्ट टाकण्याआधी आपल्याकडे याबाबत काय लागू आहे हे शिक्षण विभागाकडून समजून घ्यावं.

चौथी स्लाइड शिक्षकांची. नाव, पदवी, किती वर्षं हा विषय शिकवतात, आणि कुठला विषय नेमका कोण घेणार. शेवटचा भाग महत्त्वाचा, कारण फोटो एका सरांचा आणि वर्गावर दुसरेच, ही पालकांची जुनी तक्रार आहे. त्याच स्लाइडवर अभ्यासाची एक ओळ पुरते: दहावीला गणिताचे दोन भाग आणि विज्ञानाचे दोन भाग प्रत्येकी ४० गुणांचे असतात, शिवाय दोन्ही विषयांत २० गुण शाळेकडचे, क्लासचा अभ्यासक्रम डिसेंबरअखेर पूर्ण, पुढे सराव.

पाचवी स्लाइड निकालाची, आणि इथेच पोस्ट कायद्यात अडकते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. यश हमखास मिळेल अशी हमी देता येत नाही. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा अभिप्राय वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी, आणि तीही निकालानंतर घेतलेली; प्रवेशाच्या फॉर्मवरच सही करून घेतलेली संमती चालत नाही. त्याने कुठला कोर्स, किती काळ केला हेही सांगायचं असतं. 'अटी लागू' बारीक अक्षरांत टाकायची पळवाटही बंद आहे, खुलासा दाव्याच्याच आकाराच्या अक्षरांत हवा. ही तत्त्वंही पन्नासहून जास्त विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी असली, तरी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी छोट्यालाही मोकळं सोडत नाही. दहावीची मुलं अल्पवयीन असतात, म्हणून इथे आईवडिलांची सही घ्यावीच.

मी या स्लाइडवर एका मुलीचा ९८ टक्क्यांचा फोटो ठेवण्यापेक्षा सगळ्या बॅचचा निकाल ठेवेन: गेल्या वर्षी परीक्षेला किती बसले, त्यातले किती ८० च्या वर, किती ६० ते ८० मध्ये, किती त्याखाली. एकीचे ९८ बघून पालकांना आपल्या मुलाबद्दल काही कळत नाही. सगळ्यांचे आकडे बघून कळतं. पहिल्याच वर्षाची बॅच असेल तर निकालाची स्लाइड सरळ गाळावी आणि तिच्या जागी पहिले दोन दिवस विनामूल्य बसून बघण्याचं निमंत्रण द्यावं.

जागांबद्दलही हेच. 'शेवटच्या ५ जागा!' अशी खोटी घाई त्या तत्त्वांना मान्य नाही. चोवीस बाक असतील तर चोवीस लिहावं, आणि भरत आल्यावर तारखेसकट: 'दि. २८ मेपर्यंत १५ प्रवेश झाले.' तारीख असली की तोच आकडा खरा राहतो.

सहावी स्लाइड प्रवेशाची. इथे पालकांकडून एकच कृती मागायची. फोन करा, फॉर्म भरा, भेट द्या, पेजला फॉलो करा असं चार वेळा सांगितलं की माणूस 'नंतर बघू' म्हणतो.

प्रवेशासाठी
१. या नंबरवर व्हॉट्सॲप करा: दहावी, मुलाचं/मुलीचं नाव, शाळा
२. १५ आणि १६ जूनला वर्गात बसवून बघा, फी नाही
३. पसंत पडल्यास फॉर्म, नववीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स, एक फोटो आणि पहिला हप्ता, पावती लगेच
भेटीची वेळ: सोम ते शनि, सायं. ५ ते ६

चित्रावरच्या नंबरला बोट लावून फोन लागत नाही, म्हणून नंबर पोस्टखालच्या मजकुरात पुन्हा टाइप करायचा. व्हॉट्सॲपवर पाठवताना सोबत अशी लिंक द्यावी, तिच्यात फुल्यांच्या जागी स्वतःचा दहा आकडी नंबर:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

ती दाबली की थेट संवाद उघडतो, नंबर साठवावा लागत नाही. इन्स्टाग्रामच्या पोस्टखालच्या मजकुरात लिंक दाबता येत नाही, तिथे ती प्रोफाइलवर ठेवावी. पैसे घेण्याचा क्यूआर कोड मात्र स्लाइडवर छापू नये. चित्र चार हातांतून फिरतं, मधल्या कुणी कोड बदलला तर पालकांचे पैसे जातात आणि नाव क्लासचं खराब होतं. पैसे वर्गात येऊन, पावतीवरच.

मजकूर ठरल्यावर डिझायनरला तीन सूचना द्याव्यात. चित्र १०८० बाय १३५० पिक्सेलचं, कारण उभं चित्र फोनचा पडदा जास्त व्यापतं आणि पहिल्या चित्राचाच आकार पुढच्या सगळ्यांना लागतो. फॉन्ट युनिकोड हवा. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बलू हे दोन्ही मोफत मिळतात आणि छोट्या पडद्यावर स्वच्छ वाचता येतात. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर पोस्टखाली चिकटवला की फोनवर निरर्थक अक्षरं उमटतात. आणि ओळींमध्ये मोकळी जागा सोडायची, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात.

पोस्ट टाकण्याआधी एक चाचणी घ्यावी. फक्त तिसरी स्लाइड क्लास ठाऊक नसलेल्या एखाद्या आईला फोनवर दाखवायची आणि विचारायचं: कुणाचा क्लास, कुठल्या विषयांचा, आज किती भरायचे, एकूण किती? ती चारही उत्तरं न विचारता देऊ शकली तर स्लाइड तयार आहे. पोस्ट गेल्यावर येणारे प्रश्न वहीत लिहून ठेवायचे. 'सेमी आहे का?' असे फोन येत असतील तर पहिली स्लाइड चुकली आहे. 'किती वाजता सुटतो?' विचारत असतील तर दुसरी. 'पुस्तकांचे वेगळे का?' असं वारंवार आलं तर फीच्या स्लाइडवरची ती ओळ बारीक झाली आहे. आणि 'सर, वर्गात बसून बघायला कधी येऊ?' असे फोन वाढले, तर समजायचं की वेळ आणि फी पालकांनी आधीच वाचून, घरात बोलून ठरवली आहे.

चोविसावा प्रवेश झाला की पोस्ट उडवू नये. खालच्या मजकुराच्या पहिल्या ओळीत 'बॅच भरली, दि. ११ जून २०२६' असं लिहावं आणि प्रतीक्षा यादीत नाव द्यायचं असेल तर तोच नंबर ठेवावा. ज्या ग्रुपवर चित्रं पाठवली होती तिथेही तेवढाच निरोप टाकावा, कारण फीची स्लाइड तोपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या फोनवर फिरत असतेच.